दोन पात्रांचं स्किट: विनोदी पात्र आणि फीड देणारा यांचे संवाद कसे लिहावेत?

अनघा_कोथरूड (धागाकर्ती)

गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमासाठी दोघांचं सहा मिनिटांचं स्किट लिहिते आहे. जागा एसटी स्टँडवरची, हरवल्या-सापडलेल्या वस्तूंची खिडकी. माने खिडकीमागचे कर्मचारी, ते विनोदी पात्र. जोशी प्रवासी, ते सरळ, म्हणजे फीड देणारे. सुरुवात अशी आहे:

जोशी: नमस्कार. माझी छत्री हरवली आहे.
माने: मग मी काय करू, नाचू?
जोशी: म्हणजे?
माने: म्हणजे वाघाचे पंजे!
जोशी: अहो, मी छत्रीबद्दल बोलतोय.
माने: छत्री? पाऊस कुठाय? आमच्या गावाला तीन वर्षं पाऊस नाही.
जोशी: काय सांगता?
माने: काय सांगता नाही, खरं सांगतो!

बसून वाचताना हसू येतं. उभं राहून म्हटलं की पाचव्या-सहाव्या वाक्याला हवा जाते. जोशी करणाऱ्याची तक्रार आहे की मला काही कामच नाही. नक्की कुठे चुकतंय?

हशा_वसूल

पंच कमी पडतायत, दुसरं काही नाही. माने अजून येडे करा. जोशींची वाक्यं निम्म्यावर आणा, चेहरा कोरा ठेवा. फीड देणाऱ्यानं हशा घ्यायचाच नसतो, तो फक्त चेंडू टाकतो. ‘वाघाचे पंजे’ मात्र काढा, ते आमच्या आजोबांच्या काळात संपलं.

विंगेतला

चेहऱ्याचं बरोबर आहे, वाक्यं कमी करण्याचंही काही अंशी बरोबर आहे. पण माने अजून येडे केले तर हे स्किट चौथ्या वाक्यालाच बसेल.

अनघाताई, एक चाचणी करा. मानेंची सगळी वाक्यं कागदानं झाका आणि फक्त जोशींची वाचा: ‘माझी छत्री हरवली आहे. म्हणजे? अहो, मी छत्रीबद्दल बोलतोय. काय सांगता?’ या माणसाला काय हवंय आणि किती घाईनं हवंय, ते यातून कळत नाही. ‘म्हणजे?’ आणि ‘काय सांगता?’ ही वाक्यं कुठल्याही स्किटमधल्या कुठल्याही जोशींच्या तोंडी चालतील. फीड देणाऱ्याची वाक्यं एकटी वाचली तरी एका शहाण्या माणसाची सरळ गोष्ट दिसली पाहिजे: त्याला काहीतरी हवंय, ते मिळवण्यासाठी तो एक उपाय करतो, तो फसतो, मग दुसरा करतो. त्याची गरज जितकी ठोस, तितका विनोदी पात्राचा अडथळा मोठा वाटतो. म्हणून जोशींना आधी घड्याळ द्या. पाच चाळीसची सातारा गाडी, आत्ता साडेपाच वाजलेत, छत्री समोर खिळ्याला लटकलेली दिसतेय.

आता माने. तुमच्या कागदावर ते दर वाक्याला वेगळे आहेत. आधी उद्धट, मग कोटीबाज, मग गावाकडचे भोळे. प्रेक्षकाला अंदाजच बांधता येत नाही, आणि अंदाज बांधला नाही तर तो चुकण्याची गंमतही नाही. मानेंना एकच नियम द्या आणि तो शेवटपर्यंत मोडू नका. उदाहरणार्थ: ‘हरवलेली वस्तू म्हणजे जी कुठे आहे ते मालकाला ठाऊक नाही.’ या एका वाक्यातून पुढचं सगळं निघतं:

जोशी: माझी छत्री जमा झालीय. काळी, लाकडी मुठीची. पाच चाळीसची सातारा गाडी गाठायचीय, जरा लवकर.
माने: कधी हरवली?
जोशी: सकाळी. कोल्हापूर गाडीत राहिली.
माने: आत्ता कुठे आहे?
जोशी: तुमच्या मागे. त्या खिळ्याला.
माने: (वळून बघतात. आनंदानं) सापडली की!
जोशी: हो. द्या.
माने: सापडलेली कशी देऊ? ही खिडकी हरवलेल्यांची.

माने इथे येडे नाहीत. ते अतिशय काटेकोर आहेत, जोशींना मनापासून मदत करतायत, आणि त्यांच्या नियमात राहून पाहिलं तर त्यांचं चुकत नाही. विनोदी पात्राला आपण विनोदी आहोत हे ठाऊक असलं की त्याचं वाक्य शेरा होतं. शेऱ्याला फीड लागत नाही, म्हणून तुमच्या जोशींना काम उरलं नाही.

हशा_वसूल

‘सापडली की’वर हशा येईल, मान्य. पण तुमच्या आठ वाक्यांत खरे पंच दोनच. आमच्याकडे पब्लिक तेवढं थांबत नाही, खुर्च्या वाजायला लागतात.

विंगेतला

पहिली पाच वाक्यं मिळून पंधरा-वीस सेकंदांची आहेत. सहा मिनिटांच्या स्किटमध्ये पाऊण मिनिटाच्या आत जोशींची गरज आणि मानेंचा नियम, दोन्ही प्रेक्षकाला कळायला हवेत. ते दीड-दोन मिनिटांवर गेलं तर मात्र तुमच्या खुर्च्या वाजतील.

नाना_वाईकर

हे सगळं तमाशाच्या बतावणीत आहे. वग सुरू व्हायच्या आधी सोंगाड्या आणि त्याच्यासमोर एक शहाणा, बऱ्याचदा सरदार नाहीतर पाटील. शहाण्यानं साधा प्रश्न टाकायचा, सोंगाड्यानं त्याचा शब्द पकडून भलतीकडे न्यायचा. तिथे शहाण्याची एक खास तऱ्हा असते: सोंगाड्याचं वाक्य तो प्रश्न करून परत म्हणतो. ‘सापडलेली देता येत नाही?’ असं. माइक नव्हते तेव्हा मागच्याला पहिल्यांदा ऐकू नाही आलं तर दुसऱ्यांदा यायचं, आणि सोंगाड्याला पुढचं सुचायला तेवढीच उसंत. लिहिताना अशी पुनरुक्ती ठेवावी असं माझं मत आहे.

विंगेतला

नाना, बतावणीत ती चालते कारण सोंगाड्या पुढचं तिथल्या तिथे जुळवत असतो. बांधलेल्या संहितेत प्रत्येक वाक्य परत म्हटलं तर सहा मिनिटांचं स्किट आठ मिनिटांचं होईल आणि चढण सपाट होईल. पूर्ण स्किटमध्ये दोनदा ठेवा: नियम पहिल्यांदा कळतो तिथे एकदा, आणि जोशींचा धीर सुटतो तिथे एकदा.

नाना_वाईकर

दोनदा फार कमी. समोर दीडशे माणसं, मध्ये वडापावचा स्टॉल, पोरं पळतायत. अशा ठिकाणी परत म्हटल्याशिवाय पोचत नाही. बंद नाट्यगृहाचा हिशेब मांडवात लावू नका.

ऋजुता_टोरांटो

आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात दोन बायका स्किट करणार आहेत आणि दोघींना विनोदीच भूमिका हवी आहे. दोघींनाही विनोदी केलं तर? दर मिनिटाला अदलाबदल करावी असा विचार आहे. शिवाय आमच्याकडे स्टेजवर माइक एकच असतो, त्याचं काय करावं?

विंगेतला

ऋजुताताई, दर मिनिटाला बदललं तर कोणाच्या बाजूनं ऐकायचं हे प्रेक्षकाला कळत नाही. दोघी विनोदी असल्या तरी एका वेळी एकीला काहीतरी रास्त हवं असलं पाहिजे. अदलाबदल एकदाच करा, शेवटच्या दीड मिनिटात. अनघाताईंच्या स्किटमध्ये ती कशी बसते ते खाली लिहितो.

आणि फीड देणाऱ्याला कमी समजू नये हे दोघींना सांगायला एक दाखला. अमेरिकेत ॲबट आणि कॉस्टेलो ही जोडी होती. बेसबॉलच्या खेळाडूंची नावंच ‘कोण’, ‘काय’, ‘ठाऊक नाही’ अशी असतात, तो त्यांचा प्रवेश १९३८ साली रेडिओवरून देशभर गाजला. त्यात गोंधळ उडतो तो विनोदी कॉस्टेलोचा. सरळ ॲबट पहिल्यापासून शेवटपर्यंत शांतपणे खरं तेच सांगत असतो. सुरुवातीला या जोडीच्या कमाईतला साठ टक्के वाटा ॲबटचा होता, कारण त्या रंगभूमीवर चांगला फीड देणारा मिळणं जास्त अवघड मानलं जाई.

प्राची_सं

मग तिथे ॲबट विनोदी नाही का? विचित्र नावं तोच सांगतो. आणि या न्यायानं आपल्या स्किटमध्ये शांत राहणारे तर माने आहेत, चिडणारे जोशी. म्हणजे फीड देणारे माने ठरतात.

विंगेतला

मुद्दा नेमका आहे आणि याचं एकच उत्तर नाही. कोण शांत आणि कोण चिडका, यावरून भूमिका ठरत नाहीत. लिहिताना मी एवढंच बघतो की प्रेक्षकानं स्वतःला कोणाच्या जागी ठेवायचं. खिडकीसमोर उभा राहिलेला प्रत्येक जण जोशी असतो, म्हणून वास्तवाची बाजू जोशींकडे. बेसबॉलच्या प्रवेशात ही वाटणी तिरकी आहे. नावं प्रेक्षकाला कळलेली असतात, कॉस्टेलोला नसतात, त्यामुळे प्रेक्षक एक पाऊल पुढे असतो. हा वेगळा साचा झाला, आणि त्याला प्रेक्षकाला सगळं आधी नीट समजावून द्यावं लागतं.

प्राची_सं

अर्धं पटलं.

अनघा_कोथरूड

नियमाचं कळलं, काल तसं लिहून पाहिलं. आता प्रश्न वाक्यांचा. हे माझं वाक्य: ‘ज्या वस्तूच्या मालकाला ती वस्तू कुठे आहे हे माहीत नसतं तीच वस्तू आमच्या रजिस्टरमध्ये हरवलेली म्हणून नोंदवलेली असते.’ अर्थ बरोबर आहे, पण तालमीत कोणी हसलं नाही.

विंगेतला

मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि लिहिताना त्याचाच त्रास होतो. गमतीचा शब्द मधे पडतो आणि त्याच्यामागून ‘आहे’, ‘असते’, ‘नोंदवलेली असते’ अशी शेपटी येते. लोक त्या शब्दावर हसायला तोंड उघडतात, नट अजून बोलतोय म्हणून गप्प बसतात, आणि वाक्य संपेपर्यंत हसू गेलेलं असतं. तुमच्या वाक्यात गमतीचा शब्द ‘हरवलेली’. त्याच्यानंतर अजून तीन शब्द आहेत.

बोलण्यात आपण क्रियापद गाळतो किंवा आधी घेतो, तसंच लिहा:

माने: कुठे आहे ते मालकाला ठाऊक नाही, ती वस्तू हरवलेली. तुम्हाला ठाऊक आहे?
जोशी: आहे! त्या खिळ्याला!
माने: मग तुमचं काय हरवलंय?

लांब व्याख्येची दोन वाक्यं केली. नियम पहिल्यात, आणि पंच प्रश्नात, जोशींच्या ‘आहे’नंतर लगेच. ‘हरवलंय’ इथे क्रियापदच आहे पण गमतीचा शब्दही तोच, म्हणून ते शेवटी चालतं. नट सवयीनं पुढे ‘सांगा बरं’ किंवा ‘काय’ जोडतात. तालमीत ते जोडायला देऊ नका.

हेच फीडला लागू आहे. मानेंना जो शब्द पकडायचाय तो जोशींच्या वाक्याच्या शेवटी हवा. ‘तुमच्या मागे. त्या खिळ्याला.’ इथे थांबलो म्हणून माने लगेच वळू शकतात. ‘त्या खिळ्याला लटकलेली दिसतेय ना, ती माझीच, मुठीवरून लगेच ओळखली मी’ असं केलं तर मानेंना वळण्याची वेळच चुकते. वाक्याच्या मधेच वळले तर जोशींचं उरलेलं बोलणं वाया, शेवटी वळले तर उशीर.

हशा_वसूल

हे मात्र लाख मोलाचं. +१.

पण हशा आल्यावर पुढचं वाक्य ऐकू येत नाही, त्याचं काय? तिथे ‘थांबा’ असं लिहून ठेवायचं का?

विंगेतला

थांबा लिहू नका. हशा आला नाही तर नट तिथे रिकामा उभा राहतो आणि हशा अपेक्षित होता हे सगळ्या मांडवाला कळतं. त्याऐवजी पंचनंतरचं जोशींचं वाक्य असं लिहा की त्याचा पहिला शब्द बुडाला तरी बिघडत नाही: ‘अहो,’ ‘हे बघा,’ ‘माने साहेब,’. कामाचा शब्द त्यानंतर. हशा अर्ध्यावर उतरला की ‘अहो’ म्हणायचं, पूर्ण संपायची वाट बघायची नाही. हशा आलाच नाही तर तेच वाक्य लगेच जोडायचं. दोन्ही वेळा वाक्य तेच राहतं.

तुम्ही वर म्हणालात की फीड देणाऱ्यानं हशा घ्यायचा नसतो. शब्दांतून नाही, हे बरोबर. पण मोठे हशे पुष्कळदा मानेंच्या वाक्यावर न येता त्यानंतरच्या जोशींच्या चेहऱ्यावर येतात. म्हणून ‘मग तुमचं काय हरवलंय?’नंतर जोशींना लगेच बोलायला लावू नका. त्यांनी आधी छत्रीकडे बघावं, मग घड्याळाकडे, मग मानेंकडे. ही तीन नजरांची ओळ संहितेत लिहायची, कारण हे जोशींचं काम आहे आणि त्याला चार सेकंद लागतात. ती थांबण्यापेक्षा वेगळी, कारण हशा नाही आला तरी जोशी काहीतरी करत असतात.

सहा मिनिटांच्या स्किटला मी संवादाचे सहाशे ते सातशे शब्दच धरतो. उरलेला वेळ नजरा, हालचाली आणि हशा खातात. हजार शब्द लिहिले तर नट पळत सुटतात.

ऋजुताताई, माइकचं राहिलं. एकच माइक असेल तर तो खिडकीवर, म्हणजे मधल्या टेबलावर ठेवा आणि दोघी त्याच्या दोन्ही बाजूंना, थोड्या प्रेक्षकांकडे वळून. उभ्या माइकवर दोघी आळीपाळीनं झुकल्या तर प्रत्येक वाक्यामागे अर्धा सेकंद जातो आणि टायमिंग उरत नाही.

ऋजुता_टोरांटो

टेबलाची कल्पना छान. दोघींचं भांडण मात्र चालूच आहे.

अनघा_कोथरूड

मधली चढण अशी केली आहे. आधी जोशी छत्रीची पावती दाखवतात. मग खोटं बोलतात: ‘बरं, छत्री कुठे आहे मला ठाऊक नाही.’ माने: ‘मग इथे कशाला आलात?’ जोशी: ‘चौकशीला!’ माने: ‘चौकशी पलीकडच्या खिडकीत.’ जोशी पलीकडे जातात, तिथे मानेच टोपी घालून बसलेले. पुढे शेवट सुचत नाही. छत्री देऊन टाकावी का?

प्राची_सं

‘मग इथे कशाला आलात’ फार आवडलं. टोपीची गंमत मात्र जुनी आहे आणि मानेंच्या नियमातून येत नाही. इथे जोशींना मूर्ख बनवलं जातंय. आधी माने प्रामाणिक होते.

हशा_वसूल

जुनी असली तरी हमखास आहे. लहान मुलं तिथेच हसणार. ठेवा.

विंगेतला

प्राचीताईंशी सहमत, पण सोसायटीत पोरं पुढच्या रांगेत बसतात हेही खरं. ठेवायचीच असेल तर मानेंना तिथे प्रामाणिक ठेवा: ‘मगाशी त्या खिडकीत गेला होतात? तिथला माणूस जरा कडक आहे.’ निदान मानेंचा स्वभाव टिकेल. पावतीचा टप्पा काढून टाका. पावतीचा संबंध मालकीशी, आणि मालकीबद्दल मानेंना शंका कधीच नव्हती. त्याऐवजी गाडीची घोषणा वाढवा. विंगेतून तीनदा: गाडी लागली, गाडी सुटण्याच्या तयारीत, गाडी सुटली. प्रत्येक घोषणेला जोशी एक पायरी चढतात. आधी विनंती, मग युक्तिवाद, मग खोटं. ओरडणं त्याच्यानंतर, आणि एकदाच. जोशी दुसऱ्या मिनिटाला ओरडले तर पुढे त्यांना चढायला जागा नाही. कित्येक स्किटं इथेच बसतात, कारण नटाला ओरडायला आवडतं.

छत्री दिली तर मानेंचा नियम हरतो आणि गोष्ट नुसती संपते. जोशींना त्याच नियमात उतरवा. गाडी सुटल्यावर:

जोशी: (शांतपणे) माने साहेब, एक हरवलेली वस्तू जमा करायचीय.
माने: (रजिस्टर उघडून) वस्तू?
जोशी: मी.
माने: रंग?
जोशी: गव्हाळ.
माने: मालक?
जोशी: बायको. सातारला आहे. मी कुठे आहे तिला ठाऊक नाही.
माने: (कौतुकानं) हरवलेली! या, आत या.

जोशी आत जाऊन छत्रीखाली, खिळ्याजवळ उभे राहतात. फोन वाजतो. जोशी बघतात: ‘बायको.’ फोन कानाला लावणार, तेवढ्यात माने हात धरतात: ‘सांगू नका! सांगितलंत की नोंद रद्द.’ फोन वाजत राहतो, काळोख.

अदलाबदल इथे होते. जोशी चमत्कारिक बोलू लागले, म्हणून माने आपोआप फीड देणारे झाले. त्यांची वाक्यं बघा: वस्तू, रंग, मालक. एकेक शब्द, चेहरा कोरा. या टप्प्यात मानेंना एकही कोटी देऊ नका, फार मोह होतो.

प्राची_सं

‘या, आत या’ हवंय का? ‘हरवलेली!’वर हशा आला की ते बुडेल.

विंगेतला

बुडू दे. त्या वेळी जोशी आत चाललेले असतात, त्या हालचालीला ते लागतं.

नाना_वाईकर

‘मालक? बायको’ इथे तरी मानेंना परत म्हणू द्या. ‘बायको मालक?’ मागच्या रांगेसाठी सांगतोय. तिथे बसणारे बहुतेक नवरेच असतात.

अनघा_कोथरूड

नाना, ते एक घेते. टोपीसकट आणि टोपीशिवाय अशा दोन तालमी शनिवारी करून बघतो. पावती काढली तर मधे जवळपास चाळीस सेकंद मोकळे होतात. तिथे दुसऱ्या घोषणेच्या आधी जोशींचा युक्तिवाद हवा आहे, पण मानेंचा नियम न मोडता त्यांना काय उत्तर देता येईल ते अजून सुचलेलं नाही.

हशा_वसूल

जोशींना म्हणू द्या, ‘समजा मी आंधळा असतो, मला खिळा दिसलाच नसता.’ माने: ‘मग छत्री लगेच दिली असती.’ जोशी डोळे मिटतात. माने: ‘आता उशीर झाला, तुम्ही बघितलंय.’

विंगेतला

हे नियमातलं आहे. फक्त ‘आंधळा’ नको, ‘चष्मा नसता’ करा. जोशी चष्मा काढून खिशात घालतात, तेवढी हालचालही मिळते. आणि शेवटी ‘तुम्ही बघितलंय’ आधी घ्या, ‘उशीर झाला’ नंतर. घोषणा त्याच्यावरच येऊ दे.